जुना तोटा, नवा नफा: भागीदारी फर्मच्या रिटर्नमध्ये तोटा पुढे कसा ओढायचा

कोरोनाच्या वर्षात, म्हणजे 2020-21 मध्ये, सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या फर्मला तोटा झाला असेल आणि तो अजून संपला नसेल, तर निर्धारण वर्ष 2029-30 च्या, म्हणजे मार्च 2029 ला संपणाऱ्या आर्थिक वर्षाच्या, रिटर्नपर्यंत तो नफ्यातून वळता करून घेता येतो. अट एवढीच, की त्या वर्षीचं रिटर्न वेळेत भरलेलं असावं आणि तेव्हापासून प्रत्येक रिटर्नमध्ये तो आकडा नीट पुढे आलेला असावा. ही साखळी तुटते कुठे आणि का, हाच या लेखाचा विषय. इथलं सगळं नोंदणीकृत किंवा साध्या भागीदारी फर्मबद्दल आहे. प्रोप्रायटरी धंदा आणि कंपनी यांचे काही नियम वेगळे आहेत.

आधी या तोट्याची किंमत पाहू. भागीदारी फर्मला कराचे टप्पे नसतात. पहिल्या रुपयापासून 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. एक लाखाचा तोटा पुढे नेता आला तर 31,200 रुपये वाचतात, तो बुडाला तर तेवढेच जातात. वर्षाचं उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं तर अधिभारही लागतो, पण इथे आपण छोट्या फर्मबद्दल बोलतो आहोत.

वहीतला तोटा आणि कराचा तोटा

पुढे जातो तो कराच्या हिशेबाने निघालेला तोटा. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी दिसणारा आकडा नव्हे. हे दोन आकडे बहुधा जुळत नाहीत.

एक फर्म घेऊ. काल्पनिक आहे, पण आकडे नेहमी दिसतात तसेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग, टॉवेल आणि चादरीचं उत्पादन, तीन भागीदार, वाटा 40, 30 आणि 30 टक्के. उलाढाल साडेतीन कोटींच्या पुढे. कारागिरांचा आठवड्याचा पगारसुद्धा बँकेतून जातो. रोखीने आलेली रक्कम एकूण जमेच्या आणि रोखीने गेलेली रक्कम एकूण खर्चाच्या 5 टक्क्यांच्या आत राहते, म्हणून त्यांना 10 कोटींपर्यंत कर-ऑडिट लागत नाही. (पगार रोखीने देणाऱ्या कारखान्याचं गणित इथेच बदलतं. 5 टक्क्यांची मर्यादा ओलांडली की ऑडिटची सीमा एक कोटीवर येते आणि रिटर्नची शेवटची तारीखही बदलते.)

2020-21 साठी या फर्मच्या वहीत तोटा दिसतो 12,10,000. त्यात वहीच्या दराने धरलेला घसारा आहे 5,00,000. आयकराला वहीतला घसारा चालत नाही, तो आपल्या दराने काढावा लागतो, म्हणून आधी तो परत मिळवायचा. तोटा उरला 7,10,000. एका माणसाला एका दिवशी 10,000 च्या वर रोख दिलेले 40,000 मान्य होत नाहीत. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ मुदतीनंतर भरला, त्याचे 30,000 ही कायमचे अमान्य. हे 70,000 परत मिळवले की घसाऱ्याआधीचा तोटा 6,40,000. यंत्रांची कराच्या हिशेबातली किंमत 28,00,000 आणि दर 15 टक्के, म्हणून घसारा 4,20,000. दोन्ही मिळून 10,60,000.

म्हणजे वहीतल्या 12,10,000 पैकी दीड लाख पुढे जाणारच नाहीत. तोट्याच्या वर्षी "कर लागणारच नाही, मग अमान्य खर्चाची काळजी कशाला" असं म्हणून हिशेब सैल सोडले जातात. प्रत्यक्षात अमान्य झालेला प्रत्येक रुपया पुढच्या नफ्यातून मिळणारी वजावट तेवढी कमी करतो. आज न लागलेला कर तीन वर्षांनी लागतो, इतकंच.

2023-24 पासून यात आणखी एक गोष्ट आली आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत (लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15) दिले नाहीत आणि 31 मार्चलाही ते थकलेले असतील, तर त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. निव्वळ व्यापारी म्हणून नोंद असलेल्यांना हा नियम लागत नाही, त्यामुळे सूत व्यापाऱ्याकडून घेतलं की थेट उत्पादकाकडून, हे बघावं लागतं. मार्चअखेरीस मोठी उधारी असलेल्या फर्मचा तोटा यामुळे कागदावर चक्क नफ्यात बदलू शकतो.

दहा लाख साठ हजार एका जागी ठेवायचे नाहीत

इथे बहुतेकांची गफलत होते. हे 10,60,000 एकच रक्कम नाहीत. 6,40,000 हा धंद्याचा तोटा आहे आणि 4,20,000 हा न जिरलेला घसारा. कायदा दोघांना वेगवेगळं वागवतो.

धंद्याचा तोटा ज्या निर्धारण वर्षात निघाला, त्यानंतरची आठ निर्धारण वर्षं चालतो. पुढच्या वर्षांत तो फक्त धंद्याच्या नफ्यातून वजा होतो, भाड्याच्या, व्याजाच्या किंवा भांडवली नफ्याच्या उत्पन्नातून नाही. मात्र धंदा तोच असला पाहिजे अशी सक्ती आता उरलेली नाही. माग विकून त्याच फर्मने गारमेंट सुरू केलं, तरी मागाचा जुना तोटा गारमेंटच्या नफ्यातून वळता होतो. आणि हा तोटा पुढे न्यायचा तर त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलंच हवं.

न जिरलेल्या घसाऱ्याला वर्षांची मर्यादा नाही. रिटर्न उशिरा भरलं म्हणूनही तो बुडत नाही. शिवाय तो व्याजासारख्या दुसऱ्या उत्पन्नातूनही वजा करता येतो.

विभागणी करायची रीत सोपी आहे. घसाऱ्याआधी नफा आहे की तोटा, ते आधी पाहायचं. तोटा असेल तर तो आकडा धंद्याचा तोटा आणि अख्खा घसारा न जिरलेला. घसाऱ्याआधी नफा असेल, तर घसारा जिथवर जिरतो तिथवर जिरवायचा आणि उरेल तेवढाच पुढे न्यायचा. अशा वर्षी धंद्याचा तोटा शून्यच असतो. यंत्रांवर मोठं भांडवल घातलेल्या कारखान्यांचा तोटा पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचा निघतो. त्यांचे आठ वर्षांच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे दिवस तसे फुकटच जातात.

एकामागून एक वर्षं

आता हीच फर्म पुढे नेऊ. आकडे भागीदारांचं व्याज आणि मोबदला वजा केल्यानंतरचे आहेत.

निर्धारण वर्ष 2022-23. घसाऱ्याआधी नफा 3,00,000. यंत्रांची किंमत आता 23,80,000, म्हणून घसारा 3,57,000. तीन लाख जिरला, 57,000 उरला. चालू वर्षाचा घसारा नेहमी सगळ्यांच्या आधी जिरतो, त्यामुळे मागच्या तोट्याला या नफ्यातून काहीच मिळालं नाही. धंद्याचा तोटा 6,40,000 तसाच. न जिरलेला घसारा 4,77,000.

निर्धारण वर्ष 2023-24. चालू घसारा वजा जाऊन धंद्याचा नफा 4,00,000, आणि बँकेतल्या ठेवीवर व्याज 60,000. इथे क्रम महत्त्वाचा. आधी मागचा धंद्याचा तोटा, मग मागचा घसारा. हा क्रम कायद्यानेच ठरवलेला आहे आणि तो आपल्या फायद्याचा आहे, कारण मुदत असलेली रक्कम आधी संपते. चार लाखांचा नफा तोट्याने खाल्ला, तोटा उरला 2,40,000. व्याजाच्या 60,000 ला मात्र तो तोटा हात लावू शकत नाही. तिथे घसारा कामाला येतो. 60,000 वजा, घसारा उरला 4,17,000. एकूण उत्पन्न शून्य. बँकेने व्याजावर कापलेला 6,000 चा टीडीएस परत मिळतो.

घसारा नसता आणि हातात नुसता धंद्याचा तोटा असता, तर लाखोंचा तोटा पुढे ओढत असतानाही त्या 60,000 वर 31.2 टक्के कर भरावा लागला असता.

निर्धारण वर्ष 2024-25. नफा 5,20,000. उरलेला तोटा 2,40,000 गेला, राहिले 2,80,000. तेवढा घसारा वजा केला. कर शून्य. घसारा उरला 1,37,000.

निर्धारण वर्ष 2025-26. नफा 6,00,000, त्यातून 1,37,000 वजा, करपात्र 4,63,000. कर 1,38,900, उपकर 5,556, मिळून 1,44,456.

पाच रिटर्नमध्ये 6,40,000 चा तोटा आणि 4,77,000 चा घसारा वळता झाला. एकूण 11,17,000, म्हणजे 3,48,504 रुपयांचा कर वाचला.

यातला कोणताही टप्पा मर्जीवर नाही. "यंदा नफा थोडाच आहे, तोटा पुढच्या मोठ्या वर्षासाठी राखून ठेवू" असं करता येत नाही. ज्या वर्षी नफा आहे त्या वर्षी तोटा वापरलाच पाहिजे. वापरला नाही, तरी तेवढा वापरला गेला असं धरलं जातं आणि पुढे उरलेलाच जातो.

वर्षं मोजताना आर्थिक वर्ष आणि निर्धारण वर्ष यांची गल्लत होते, म्हणून तेही सांगून टाकू. 2020-21 या आर्थिक वर्षाचं निर्धारण वर्ष 2021-22. आठ वर्षं त्याच्या पुढच्या निर्धारण वर्षापासून, 2022-23 पासून मोजायची. आठवं येतं 2029-30, म्हणजे मार्च 2029 ला संपणाऱ्या आर्थिक वर्षाचा नफा. प्रत्येक वर्षाच्या तोट्याची मुदत स्वतंत्र चालते. तीन वर्षं सलग तोटा असेल, तर तीन वेगळ्या ओळी ठेवायच्या आणि सर्वात जुन्यापासून वापरत यायचं.

तोट्याच्या वर्षी भागीदारांचा मोबदला

तोटा आहे म्हणून भागीदारांनी त्या वर्षी मोबदलाच घेतला नाही, असं बऱ्याच घरच्या फर्ममध्ये होतं. भावना समजण्यासारखी आहे, पण कराच्या दृष्टीने आधी हिशेब करून पाहावा. भागीदारीपत्रात तरतूद असेल, तर तोट्याच्या वर्षीही काम करणाऱ्या भागीदारांना मिळून ठरावीक रकमेपर्यंतचा मोबदला फर्मला खर्च म्हणून मिळतो. ही मर्यादा पूर्वी 1,50,000 होती, 2024-25 या आर्थिक वर्षापासून 3,00,000 आहे. तीन लाख मोबदला घेतला तर फर्मचा पुढे जाणारा तोटा तीन लाखांनी वाढतो, त्याची पुढची किंमत 93,600 रुपये. भागीदारांच्या हातात तो मोबदला करपात्र आहे, पण त्यांचं बाकी उत्पन्न कमी असेल तर त्यांना कर लागणारच नाही किंवा खालच्या टप्प्यातला लागेल.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. 1 एप्रिल 2025 पासून एका भागीदाराला वर्षात मोबदला, व्याज वगैरे मिळून 20,000 च्या वर दिलं, तर फर्मला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. आणि नफ्याच्या वर्षी मोबदल्याची मर्यादा काढताना मागचा धंद्याचा तोटा आधी वजा करायचा नाही. मर्यादा चालू वर्षाच्या नफ्यावर निघते, तोटा त्यानंतर येतो. काही जण आधी तोटा वजा करून मग मर्यादा काढतात आणि स्वतःचाच मोबदला विनाकारण कापून घेतात.

फर्मचा तोटा भागीदाराच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये दाखवता येत नाही, हेही इथेच नोंदवतो. भागीदाराला नफ्यातला वाटा करमुक्त मिळतो, त्याच न्यायाने तोटा फर्मकडेच राहतो.

तारीख चुकली तर

निर्धारण वर्ष 2025-26 पर्यंत मूळ मुदत बिगर-ऑडिट फर्मला 31 जुलै आणि ऑडिटच्या फर्मला 31 ऑक्टोबर अशी चालत आली होती, पण ती अनेकदा बदलते. निर्धारण वर्ष 2021-22 ला बिगर-ऑडिट रिटर्नची मुदत 31 डिसेंबर 2021 पर्यंत वाढली होती. 2025-26 ला ती 16 सप्टेंबर 2025 आणि ऑडिटवाल्यांसाठी 10 डिसेंबर 2025 झाली. वाढवलेली तारीख तोट्यालाही चालते. म्हणून त्या वर्षीची खरी तारीख पोर्टलवरच बघावी, गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये.

आपल्या फर्मने 2021-22 चं रिटर्न 31 डिसेंबर 2021 ऐवजी जानेवारीत भरलं असतं तर? 4,20,000 चा घसारा वाचला असता. 6,40,000 चा धंद्याचा तोटा गेला असता, किंमत 1,99,680 रुपये. तोट्याच्या वर्षी कर भरायचा नसतो, त्यामुळे रिटर्नची घाई कोणालाच वाटत नाही. एवढ्या पैशांना मुकण्याचं सर्वात साधं कारण हेच.

याहून फसवी चूक पडताळणीची आहे. रिटर्न मुदतीत अपलोड झालं, पावती आली, आणि ई-पडताळणी राहून गेली. अपलोडपासून 30 दिवसांत पडताळणी झाली तर अपलोडची तारीख धरतात. 30 दिवस उलटल्यावर केली, तर पडताळणीचीच तारीख रिटर्नची तारीख होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरलेलं आणि चाळिसाव्या दिवशी पडताळलेलं रिटर्न हे उशिराचं रिटर्न ठरतं, आणि तोटा गेला. ज्या भागीदाराच्या आधारवर ओटीपी येतो त्याचा मोबाइल नंबर बदललेला असणं, एवढं क्षुल्लक कारणही यामागे असू शकतं.

मुदतीत मूळ रिटर्न भरलेलं असेल, तर नंतर सुधारित रिटर्नमध्ये तोट्याचा आकडा दुरुस्त करता येतो. म्हणूनच हिशेब शंभर टक्के जुळायची वाट पाहत मुदत घालवण्यापेक्षा जमेल तितकं अचूक रिटर्न वेळेत भरून मग सुधारणं शहाणपणाचं.

मुदत चुकलीच असेल आणि त्यामागे खरोखर सबळ कारण असेल (भागीदाराचा गंभीर आजार, हिशेब पाहणाऱ्याचा मृत्यू, अशा प्रकारचं), तर उशीर माफ करण्यासाठी अर्ज करता येतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रक क्रमांक 11/2024 नुसार एक कोटीपर्यंतच्या दाव्यांवर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात, आणि निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज लागतो. 2021-22 साठी ही मुदत 31 मार्च 2027 ला संपते. "विसरलो" हे कारण सहसा चालत नाही. कागद लागतात.

भागीदार निवृत्त झाला किंवा वारला

घरच्या फर्ममध्ये हा प्रसंग येतोच, आणि त्या वेळी आयकराचा विचार कोणाच्या डोक्यात नसतो. नियम असा: भागीदार बाहेर पडला किंवा त्याचं निधन झालं, तर मागच्या तोट्यातला त्याच्या वाट्याचा भाग, त्याच वर्षाच्या नफ्यातल्या त्याच्या वाट्यापेक्षा जेवढा जास्त असेल, तेवढा फर्मला वळता करता येत नाही.

उदाहरणातच पाहू. निर्धारण वर्ष 2024-25 च्या सुरुवातीला तोटा उरला होता 2,40,000. 30 टक्क्यांचा भागीदार 1 एप्रिल 2023 ला निवृत्त झाला असता, तर त्याच्या वाट्याचा तोटा 72,000 आणि त्या वर्षाच्या नफ्यातला वाटा शून्य. 72,000 बुडाले, म्हणजे 22,464 रुपये कर जास्त. तोच भागीदार 30 सप्टेंबर 2023 ला निवृत्त झाला असता, तर अर्ध्या वर्षाच्या 2,60,000 नफ्यातला त्याचा वाटा 78,000. तो 72,000 पेक्षा जास्त आहे, म्हणून काहीच बुडत नाही. निवृत्तीचं वर्ष नफ्याचं असेल, तर मार्चअखेरीस किंवा वर्षाच्या मधल्या तारखेला बाहेर पडणं आणि 1 एप्रिलला बाहेर पडणं यात एवढा फरक पडतो. मृत्यूची तारीख कोणाच्या हातात नसते, निवृत्तीची असते.

हा नियम धंद्याच्या तोट्याला लागतो, न जिरलेल्या घसाऱ्याला नाही. आणि सगळे भागीदार तेच राहून फक्त वाट्याचं प्रमाण बदललं, तर काहीच बुडत नाही. मुलाला आत घ्यायचं आणि वडिलांनी थांबायचं असा बेत असेल, तर वडिलांना लगेच निवृत्त न करता 2-3 टक्क्यांच्या वाट्यावर ठेवणं हा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे. जुना तोटा संपला की मग निवृत्ती.

दोनच भागीदारांच्या फर्मची अवस्था जास्त नाजूक. एक गेला की फर्मच उरत नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. उरलेल्याने धंदा स्वतःच्या नावावर चालू ठेवला, तरी फर्मचा तोटा त्याच्या रिटर्नमध्ये साधारणपणे येत नाही. वारसाहक्काने धंदा आला असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण तो सिद्ध करणं सोपं नाही. मोठा तोटा ओढत असलेल्या दोघांच्या फर्मने तिसरा भागीदार आधीच घेतलेला बरा.

फॉर्ममध्ये साखळी कुठे तुटते

तोटा ओढणाऱ्या फर्मचा फॉर्म ITR-5. अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचे ठरावीक टक्के नफा धरून, कर भरणाऱ्या छोट्या फर्म ITR-4 भरतात, कारण तो आटोपशीर आहे. पण त्यात मागचा तोटा आणण्याची किंवा पुढचा नेण्याची जागाच नाही. तोटा शिल्लक असलेल्या फर्मला ITR-4 चालतच नाही, उत्पन्न अनुमानित पद्धतीने दाखवलं तरी ITR-5 च भरायचा. मध्येच एका वर्षी ITR-4 भरला की पुढच्या वर्षी जुने आकडे आपोआप येत नाहीत, आणि बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राला ती साखळी तुटलेली दिसते.

ITR-5 मध्ये आकडा असा फिरतो. `Schedule BP` मध्ये धंद्याचा नफा किंवा तोटा निघतो. `Schedule CYLA` मध्ये चालू वर्षाचा तोटा याच वर्षाच्या इतर उत्पन्नाशी जुळवला जातो. `Schedule BFLA` मध्ये मागच्या वर्षांचा तोटा वजा होतो. `Schedule CFL` मध्ये पुढे जाणाऱ्या तोट्याची वर्षवार ओळ दिसते. न जिरलेला घसारा याच्या बाहेर, `Schedule UD` मध्ये. घसारा चुकून `CFL` मध्ये टाकला, तर त्याला उगाच आठ वर्षांची मुदत चिकटते.

`CFL` मधल्या प्रत्येक ओळीत त्या वर्षीचं रिटर्न कधी भरलं ती तारीख विचारतात. तिथे मूळ रिटर्नची तारीख टाकायची. नंतर सुधारित रिटर्न भरलेलं असेल आणि सवयीने त्याची तारीख टाकली, तर ती मुदतीनंतरची दिसते आणि तोटा अमान्य होऊ शकतो. म्हणून दरवर्षीच्या पावत्या एका फाइलला ठेवणं कंटाळवाणं असलं तरी कामाचं आहे.

रिटर्न भरल्यावर कलम 143(1) ची सूचना ईमेलवर येते. परतावा किती, एवढंच पाहून ती बंद करू नये. तोट्याच्या वर्षी आपला आकडा आणि विभागाने मान्य केलेला आकडा अशा दोन रकान्यांत पुढे जाणारा तोटा तपासावा. तिथे शून्य दिसलं, तर त्याच वेळी पोर्टलवरून दुरुस्तीचा अर्ज करायचा. ज्या आर्थिक वर्षात सूचना निघाली, ते संपल्यापासून चार वर्षं ही दुरुस्ती होऊ शकते. सहा वर्षांनी मोठा नफा होतो, तोटा लावायला जातो आणि तेव्हा कळतं की पहिल्याच सूचनेत तो कापला गेला होता. तोवर दुरुस्तीची मुदत उलटून गेलेली असते.

1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू झाला असून निर्धारण वर्षाच्या जागी "कर वर्ष" आलं आहे. जुन्या कायद्यातला तोटा त्यामुळे बुडत नाही, उरलेल्या मुदतीपुरता तो नव्या कायद्यातही वळता करता येतो. 2025-26 या आर्थिक वर्षाचं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने, निर्धारण वर्ष 2026-27 म्हणून भरायचं आहे. नव्या पद्धतीच्या पहिल्या रिटर्नला बसण्याआधी जुन्या `CFL` आणि `UD` ची छापील प्रत काढून प्रत्येक ओळीपुढे तिचं शेवटचं वर्ष लिहून ठेवावं.